निळी बादली आणि आजीच्या लुगड्याचा काठ

रामकुंडाच्या पायरीवरच्या आजीच्या फोटोत शेजारी कुणाची तरी निळी बादली आली होती. तिथे पितळी तांब्या हवा होता. त्यासाठी फोटोशॉपमधलं Generative Fill वापरलं, म्हणजे निवडलेल्या भागात लिहिलेल्या वर्णनाप्रमाणे नवं चित्र भरणारी AI सोय. आधी बादलीला चिकटून सिलेक्शन केलं, तर सावली बाहेर राहिली आणि त्या सावलीला साजेशी दुसरी बादलीच उगवली! मग सैल चौकोन ओढला, तर लुगड्याचा काठ बदलला.

शेवटी लॅसोने बादली, सावली आणि भोवतीचा थोडा दगड घेतला. Alt धरून लुगड्याचा काठ सिलेक्शनमधून वगळला. Generative Fill मध्ये ‘बादली काढा’ असं न लिहिता तिथे काय दिसावं तेवढंच लिहिलं: ‘ओल्या काळ्या दगडी पायरीवर छोटा पितळी तांब्या, उजवीकडून ऊन’. निकाल वेगळ्या लेयरवर येतो, त्यामुळे मूळ फोटो शाबूत. दगडाचा सांधा जरा हुकला होता, तो त्या लेयरच्या मास्कवर काळा ब्रश फिरवून झाकला.