व्हीपीएनवर काम संथ चालते? स्प्लिट टनेलिंग मागण्याआधी या चुका टाळा

घरून काम करताना व्हीपीएन जोडले की सगळेच मंदावते, आणि मग आयटी विभागाला एका ओळीत लिहिले जाते: ‘व्हीपीएन स्लो आहे, स्प्लिट टनेलिंग चालू करा.’ या विनंतीला बहुधा नकार मिळतो, कारण तिच्यात नेमके काय संथ आहे हेच नसते.

बऱ्याच कंपन्यांत लॅपटॉपची सगळी वाहतूक व्हीपीएनच्या बोगद्यातून आधी कंपनीच्या गेटवेकडे, म्हणजे तिच्या नेटवर्कच्या प्रवेशद्वाराकडे जाते आणि तिथून इंटरनेटवर पडते. तुम्ही व्हिडिओ मीटिंगमध्ये असाल, तर तुमचा आवाजही गेटवेमार्गे वळसा घेऊन मीटिंगच्या सर्व्हरपर्यंत पोहोचतो आणि त्याच वाटेने परततो. स्प्लिट टनेलिंगमध्ये ठरावीक वाहतूक या बोगद्याबाहेर काढून थेट घरच्या इंटरनेटवरून पाठवतात. म्हणजे हा उपाय फक्त त्या वळशावर आहे, आणि तुमचा त्रास वळशाचाच आहे का, हे आधी तपासायला हवे.

पहिली चूक म्हणजे व्हीपीएन चालू ठेवून स्पीड टेस्ट करणे आणि तो आकडा पुरावा म्हणून पाठवणे. त्या वेळी टेस्टच्या संकेतस्थळाला तुमचा नव्हे, तर गेटवेचा पत्ता दिसतो आणि ते गेटवेजवळचा सर्व्हर निवडते. त्यापेक्षा विंडोज लॅपटॉपवर पुढील आज्ञा व्हीपीएन बंद असताना एकदा आणि चालू असताना एकदा द्याव्यात:

```
ping -n 20 1.1.1.1
tracert -d -h 5 1.1.1.1
```

समजा, बंद असताना पिंगची सरासरी 14 मिलिसेकंद आली आणि चालू असताना 95. शिवाय `tracert` मध्ये पहिला टप्पा आधी घरच्या राउटरचा `192.168.1.1` होता आणि नंतर तिथे `10.` ने सुरू होणारा पत्ता दिसू लागला. असे असेल, तर इंटरनेटची वाहतूकही बोगद्यातून जात आहे, असे मानायला चांगला आधार मिळतो. काही कंपन्या पिंग अडवतात. उत्तरच आले नाही, तर वाहतूक कोणत्या वाटेने जाते हे दाखवणाऱ्या `route print -4` चा निकाल जपून ठेवावा. व्हीपीएन बंद असतानाही आकडे 5 वरून 200 वर उड्या मारत असतील, तर राउटरच्या पत्त्यालाच पिंग करून पाहावे. तिथेही तसेच दिसले, तर दोष वायफायचा आहे आणि आयटी विभाग त्यात काही करू शकणार नाही.

सर्वाधिक गैरसमज शेअर्ड फोल्डरबाबत होतो. फाइल सर्व्हर कंपनीच्या आतल्या नेटवर्कवर असल्यामुळे त्याची वाहतूक बोगद्यातूनच जाणार, स्प्लिट टनेलिंग असो वा नसो. एक फोल्डर उघडताना लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्यात एकामागून एक 100 फेऱ्या झाल्या, तर कार्यालयात 2 मिलिसेकंदांच्या हिशेबाने 0.2 सेकंद लागतात, पण 90 मिलिसेकंदांच्या घरच्या जोडणीवर त्याच कामाला 9 सेकंद लागतात. इंटरनेटचा प्लॅन वाढवूनही हा वेळ फारसा घटत नाही. अशी तक्रार असेल, तर स्प्लिट टनेलिंगऐवजी रिमोट डेस्कटॉप किंवा जवळचा गेटवे मिळेल का, हे विचारणे योग्य.

स्वतःच्या हाताने रूट बदलणे ही चूक मात्र कधीही करू नये. विंडोजच्या व्हीपीएन सेटिंगमध्ये दूरच्या नेटवर्कचा गेटवे वापरण्याची खूण काढता येते, पण त्यामुळे कंपनीची गाळणी आणि नोंदी टाळल्या जातात आणि अनेक ठिकाणी तो थेट धोरणभंग ठरतो. आतली संकेतस्थळे उघडेनाशी होतात, ते वेगळेच.

आयटी विभागाची अडचणही खरी आहे: बोगद्याबाहेर गेलेली वाहतूक गेटवेवर तपासता येत नाही. म्हणून ‘सगळे इंटरनेट बाहेर काढा’ असे न म्हणता एकाच सेवेपुरते विचारावे. टीम्सच्या बाबतीत हे मागणे सोपे जाते, कारण मायक्रोसॉफ्ट स्वतःच अशा वेळखाऊ वळशाला संवेदनशील वाहतुकीचे पत्ते प्रसिद्ध करते आणि ती थेट पाठवण्याची शिफारस करते. तिच्यात आवाज-चित्रासाठीचे यूडीपी पोर्ट 3478 ते 3481 येतात. विनंती साधारण अशी लिहावी:

‘नमस्कार, सकाळी 10 ते 12 या वेळेत टीम्सवर आवाज तुटतो. व्हीपीएन बंद असताना पिंग 14, चालू असताना 95 मिलिसेकंद येते. दोन्ही निकाल सोबत जोडले आहेत. राउटरपर्यंतची जोडणी स्थिर आहे. फक्त टीम्सच्या मीडिया वाहतुकीसाठी स्प्लिट टनेलिंग देता येईल का? आपले व्हीपीएन यूडीपीवर चालते की टीसीपीवर, हेही कृपया कळवावे.’

शेवटचा प्रश्न गाळू नये. व्हीपीएन टीसीपीवर चालत असेल, तर वाटेत हरवलेले एक पॅकेट पुन्हा येईपर्यंत मागची सगळी वाहतूक थांबून राहते, आणि सरासरी पिंग चांगले दिसूनही आवाज तुटत राहतो. अशा वेळी हरवलेल्या पॅकेटसाठी न थांबणारे यूडीपी गेटवेवर सुरू केल्याने स्प्लिट टनेलिंगशिवायही फरक पडू शकतो.