‘हेड ऑफ एव्हरीथिंग’ हे पद रेझ्युमेवर कसं लिहिलं

१२ माणसांच्या स्टार्टअपमधलं माझं ‘हेड ऑफ एव्हरीथिंग’ हे पद बाहेरच्यांना काहीच सांगत नाही. भरती करणारे ‘ऑपरेशन्स मॅनेजर’ असं शोधतात, त्यात हे नाव सापडत नाही. पण ते बदलून थेट ‘सीओओ’ लिहू नका. पडताळणीत रेझ्युमेवरचं पद अनुभवपत्राशी ताडून पाहतात आणि तफावत दिसली की खुलासा मागतात.

म्हणून अधिकृत पद तसंच ठेवून पुढे कामाचं नाव जोडलं: ‘हेड ऑफ एव्हरीथिंग – ऑपरेशन्स व वित्त’. ही दोन नावं कॅलेंडरवरून ठरली. मागच्या तीन महिन्यांच्या प्रत्येक नोंदीपुढे विभाग लिहिला. निम्मा वेळ पुरवठादार आणि डिलिव्हरीत, पाव हिशेब आणि पगारात गेला होता. उरलेल्यात भरती, ऑफिसची जागा, किरकोळ कामं. हा उरलेला भाग पदात घेऊ नये, नाहीतर पुन्हा ‘सगळंच’ होतं.

खालच्या तपशिलातून ‘समन्वय केला’ काढून टाकलं, कारण त्यातून निर्णय कोणाचा हे कळत नाही. त्याजागी लिहिलं: ‘५ जणांची टीम. ५०,००० रुपयांपर्यंतची खरेदी स्वतः मंजूर, त्यापुढे संस्थापकांची सही. पगारपत्रक माझ्याकडे, जीएसटी विवरणपत्र बाहेरचे सीए भरत.’ माझ्या मते यातलं शेवटचं अर्धं वाक्य सर्वांत उपयोगाचं आहे. काय आपल्याकडे नव्हतं हे दिसलं की बाकीच्या दाव्यांवर विश्वास बसतो.