नवी मेणबत्ती: आधी यादी, मग ओतकाम

नव्या सुगंधाच्या मेणबत्त्या अंदाजाने ओतल्या की एक सुगंध दोन दिवसांत संपतो आणि दुसरा फडताळात पडून राहतो. सोया मेण वापरत असाल तर ओतल्यावर सुगंध मुरायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणजे चूक लगेच सुधारताही येत नाही. म्हणून कुणाला कोणता सुगंध हवा, याची यादी ओतण्याआधी करा.

१. नमुन्याच्या दोन-तीन मेणबत्त्या पूर्ण जाळून पाहा. वात काजळी धरते का, मेण कडेपर्यंत वितळते का, हे कळल्याशिवाय कुणाला काही सांगू नका.

२. मग फोटो टाकून नावे घ्या. नाव, फोन, कोणता सुगंध, किती नग, एवढेच विचारा. नुसते ‘हवी आहे’ लिहिणाऱ्याला नग विचाराच, तिथेच खरे गिऱ्हाईक कळते.

३. समजा, यादीत मोगऱ्याचे ३० आणि चंदनाचे १० नग आले. सगळे घेत नाहीत, म्हणून पहिल्या खेपेला १८ आणि ६ ओता.

४. मुरल्यावर यादीतल्यांना क्रमाने कळवा, ४८ तास द्या. उरलेले सगळ्यांसाठी खुले.

आगाऊ पैसे मात्र घेऊ नका. एखादा घाणा बिघडला तर परत करत बसावे लागते.