पाच महिन्यांच्या बाळासाठी टीदर: काय द्यावे, काय देऊ नये

पाचव्या महिन्यात बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते. लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात; दात मात्र अनेकदा सहाव्या-सातव्या महिन्यात दिसतो. तोवर हिरडीला हवा असतो हलका दाब आणि थोडा गारवा.

सर्वात सोयीचा टीदर म्हणजे एकसंध सिलिकॉनची कडी. जोड नसलेली, आत पाणी किंवा जेल नसलेली आणि बाळाच्या मुठीत मावेल इतकी बारीक. जेलचा टीदर फुटला की आतले द्रव थेट पोटात जाते. रबराच्या पोकळ, छिद्र असलेल्या खेळण्यात लाळ साचून आत बुरशी धरते आणि बाहेरून ती दिसतही नाही.

घरी आणल्यावर आधी माप बघा. पुठ्ठ्यात ४ सेंटीमीटर व्यासाचे गोल भोक पाडा. खेळणे किंवा त्याचा कुठलाही सुटणारा भाग त्यातून पलीकडे गेला, तर तो घशात अडकू शकतो. लांब, बारीक दांड्याही टाळा, त्या घशापर्यंत पोचतात. मग कडी जोरात ओढून आणि पिळून पाहा. चीर दिसली तर ती सरळ कचऱ्यात. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, तेही वेष्टनावर शोधा.

वापरण्याआधी कडी साबणाने धुवा. वेष्टनावर चालते असे लिहिले असेल तर पाच मिनिटे उकळा. निवल्यावर पंधरा-वीस मिनिटे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको: दगडासारखी झालेली कडी हिरडीला इजा करते.

कडी नसेल तर जुन्या, धुतलेल्या सुती धोतराचा हातभर तुकडा घ्या. त्याला मधोमध गाठ मारा, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा. गाठ बाळाच्या तोंडाशी धरा, दुसरे टोक आपल्या हातात. दर वेळी नवा, धुतलेला तुकडा.

आता घरातल्या गोष्टी. खारीक चघळायला देण्याची जुनी रीत आहे, पण लाळेने ती मऊ पडते, तुकडा सुटतो आणि पाच महिन्यांच्या बाळाला तो चावता येत नाही. गाजराचेही तेच. टीदरला मध लावू नका. वर्षाच्या आत मधातून बोटुलिझम हा जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार होऊ शकतो. किल्ल्यांच्या पितळेत शिसे असू शकते. रिमोटमधली बटण बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते. रंग उडालेले लाकडी खेळणे, घुंगरू सुटत आलेला खुळखुळा, गळ्यातली मण्यांची माळ हेही दूर ठेवा. हिरडी बधिर करणारे बेंझोकेनचे जेल तर मुळीच नको. त्यामुळे रक्तातून ऑक्सिजन वाहून नेण्यात अडथळा येऊ शकतो.

ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक असेल तर दातांना दोष देत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.