सेवा बंद पडली आहे: ग्राहकांना काय, कधी आणि कसं सांगावं

बिलिंगचं सॉफ्टवेअर पुरवणारी एक छोटी कंपनी धरा. सकाळी १०:०५ ला फोन सुरू होतात: बिलं सेव्ह होत नाहीत. तांत्रिक माणसं कामाला लागलीत, कारण अजून कुणालाच माहीत नाही. मॅनेजर म्हणतो, "नक्की कळू दे, मग सांगू." पहिली चूक इथेच होते. ग्राहक तोवर तेच बिल चारदा सेव्ह करून पाहतो आणि नंतर दुबार नोंदी निस्तरत बसावं लागतं.

म्हणून बिघाड खरा आहे एवढी खात्री झाली की पंधरा मिनिटांत पहिला निरोप जाऊ द्या. त्यात कारण नसलं तरी चालतं. असा:

"सकाळी १०:०५ पासून नवीन बिलं सेव्ह होत नाहीत. जुनी बिलं पाहता आणि छापता येतात. कृपया तेच बिल पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका, तूर्त कागदावर नोंद ठेवा. कारण शोधतो आहोत. पुढची माहिती १०:५० ला देऊ, तेव्हा काही नवं नसलं तरी."

"डेटाबेस कनेक्शनमध्ये अडचण" असं यात कुठेही नाही. ग्राहकाच्या पडद्यावर जे घडतंय त्याच शब्दांत लिहा. "काही ग्राहकांना किंचित अडथळा जाणवू शकतो" हे वाक्य तर कायमचं खोडून टाका. ज्याचं काम ठप्प आहे त्याला ते वाचून डिवचल्यासारखं होतं.

निरोप कुठून पाठवायचा हेही आधीच ठरलेलं हवं. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनची एस-३ ही साठवणूक सेवा कोलमडली, तेव्हा सेवांची स्थिती दाखवणारं त्यांचं पानही बराच वेळ अद्ययावत करता येईना, कारण ते अद्ययावत करण्याची यंत्रणा एस-३ वरच अवलंबून होती. शेवटी त्यांना ट्विटरवरून माहिती द्यावी लागली. तेव्हा स्थितीचं पान आणि ग्राहकांचे फोन नंबर त्याच सर्व्हरवर ठेवू नका.

आता सगळ्यात अवघड प्रश्न: "कधी सुरू होईल?" १०:४० ला कळतं की डिस्क गेली आहे, म्हणजे बॅकअपवरून डेटा परत आणावा लागणार. १०:५० च्या निरोपात एवढंच सांगा आणि पुढची वेळ ११:४५ द्या. तासाचा आकडा अजून देऊ नका, कारण कॉपीचा वेग अजून मोजलेला नाही.

११ ला कॉपी सुरू झाली, ११:३० पर्यंत २४० पैकी ३० जीबी आले. म्हणजे तासाला ६०, या वेगाने ३ वाजता कॉपी संपेल. डेटा नीट आलाय का हे तपासायला आणखी पाऊण तास. हिशोब पावणेचारचा निघतो. ग्राहकांना सांगा, "४ ते ५ च्या दरम्यान." हे लपवाछपवी नव्हे, अशा कामात काहीतरी अडतंच, आणि सांगितलेल्या वेळेआधी सुरू झालं तर कुणी तक्रार करत नाही.

याच निरोपात कटू भागही येऊ द्या. शेवटचा बॅकअप रात्री २ चा असेल तर लिहा: "रात्री २ ते सकाळी १०:०५ मधल्या नोंदी परत मिळतील की नाही, ते तपासतो आहोत. त्यांच्या छापील प्रती जपून ठेवा." हे संध्याकाळी सांगितलं, तर प्रती तोवर कचऱ्यात गेलेल्या असतात.

अंदाज चुकला तर? २ वाजता पाहिलं तर फक्त १२० जीबी आलेत. शेवटच्या अडीच तासांत ९० जीबी, म्हणजे तासाला ३६. उरलेल्या कामाला सुरुवातीपासूनची सरासरी लावू नका, हाच ताजा वेग लावा: उरलेल्या १२० ला तीन तास वीस मिनिटं, वर पाऊण तास, म्हणजे ६ वाजून गेलेच. नवी वेळ २ वाजताच कळवा: "कॉपीचा वेग घटल्यामुळे आता ६ ते ७ च्या दरम्यान." ५ वाजेपर्यंत थांबून सांगितलंत तर ग्राहक पुढच्या कुठल्याच वेळेवर विश्वास ठेवणार नाही. माफी एकदाच, थोडक्यात. पाचही निरोपांत दिलगिरी आली की वाचणारा तेवढा भाग गाळूनच वाचतो.

फोन घेणाऱ्यांकडेही हाच मजकूर हवा. "साहेब, अर्ध्या तासात होईल" असं कुणी भिडेखातर बोललं की सगळ्या निरोपांवर पाणी.

सेवा सुरू झाली की लगेच "सर्व सुरळीत" लिहू नका. आधी लिहा: "६:१५ पासून बिलं सेव्ह होत आहेत. कागदावरच्या नोंदी ७:१५ नंतर भरा, तोवर लक्ष ठेवून आहोत." सगळे एकदम नोंदी भरायला लागले की सेवा पुन्हा बसू शकते. तासभर स्थिर राहिली, तर प्रकरण संपल्याचं कळवा आणि रात्री २ नंतरच्या कोणत्या नोंदी मिळाल्या, कोणत्या पुन्हा भराव्या लागतील, ते वेळेनिशी सांगा.