0.52 चा बीटा आणि धरमपेठेतला उन्हाळा

व्हॅल्युएशनच्या कामाला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. ऑफिस नागपूरच्या धरमपेठेत, मे महिना, कूलरच्या घरघरीत बोललेलं अर्धंच ऐकू यायचं. काम होतं बुटीबोरीत कारखाना असलेल्या एका छोट्या लिस्टेड कंपनीच्या शेअरची किंमत काढायचं. माझ्याकडे बीटा, म्हणजे बाजार एक टक्का हलला की हा शेअर सरासरी किती टक्के हलतो तो आकडा, आणि त्यावरून कॉस्ट ऑफ इक्विटी, म्हणजे भागधारक मागेल तो वार्षिक परतावा, एवढंच आलं होतं.

मी दोन वर्षांचे शुक्रवारचे बंद भाव घेतले, निफ्टी 500 या इंडेक्सचेही घेतले, साप्ताहिक परतावे काढले आणि एक्सेलमध्ये `SLOPE` लावला, म्हणजे रिग्रेशनच्या रेषेचा उतार काढला. उत्तर आलं 0.52. जोखीममुक्त दर 7 टक्के आणि बाजाराचं जोखीम-अधिमूल्य, म्हणजे शेअरबाजाराची जोखीम घेण्याबद्दल मिळायला हवा तो जादा परतावा, 6.5 टक्के हे ऑफिसने त्या कामापुरतं ठरवून दिलेलं होतं. म्हणजे 7 + 0.52 × 6.5, साधारण 10.4 टक्के. मी खुशीत फाईल पुढे सरकवली.

सरांनी आकडा पाहिला आणि विचारलं, "बँक या कंपनीला कर्ज किती टक्क्यांनी देते?" साडेदहा. "मग बँकेपेक्षा शेअरवाला कमी मागतो काय रे? त्याला सगळ्यांच्या शेवटी पैसे मिळतात."

शेजारच्या टेबलावरचा सीनियर हसला. "रॉ बीटा तसाच ठेवला काऊन? दोन तृतीयांश तो घे, एक तृतीयांश एक घे." हाच तो सगळीकडे वापरला जाणारा अॅडजस्टेड बीटा: 0.67 × 0.52 + 0.33 × 1, म्हणजे 0.68. कॉस्ट ऑफ इक्विटी 11.4 टक्क्यांवर गेली. एका टक्क्याचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण पुढच्या वर्षी भागधारकांसाठी 10 कोटी उरणार आणि ते दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढणार असं धरलं आणि 10 कोटींना दर वजा वाढीने भागलं, तर 10.4 टक्क्यांनी किंमत येते सुमारे 186 कोटी आणि 11.4 टक्क्यांनी 156 कोटी. बीटा 0.16 ने हलला आणि 30 कोटी गेले.

नवख्यांनी इथे थांबून विचारायला हवं ते मीही विचारलं नव्हतं: एकाकडेच का ओढायचं, आणि दोन तृतीयांशच का? सगळ्या बाजाराचा भारित सरासरी बीटा व्याख्येनेच एक असतो, म्हणून कंपनीबद्दल काहीच माहीत नसेल तर एक हाच शहाणा अंदाज. दुसऱ्याचं उत्तर मार्शल ब्लूम यांच्या 1971 च्या कामात आहे. त्यांनी अमेरिकी शेअरांचे एका काळातले बीटा पुढच्या काळातल्या बीटांशी ताडून पाहिले. 1948–54 आणि 1955–61 या जोडीसाठी नातं निघालं ते असं: नंतरचा बीटा = 0.343 + 0.677 × आधीचा बीटा. फार खालचे वर सरकले, फार वरचे खाली आले. आपण जे 0.33 आणि 0.67 डोळे मिटून टाइप करतो, ते त्या रेषेचे गोल केलेले आकडे आहेत. अमेरिकेतल्या, तेही सत्तर वर्षांपूर्वीच्या शेअरांचे. बुटीबोरीच्या कंपनीला ते जसेच्या तसे का लागू व्हावेत, हे मला अजूनही कुणी पटवून दिलेलं नाही.

सरांचा पुढचा प्रश्न मात्र खरा उपयोगाचा होता: "या 0.52 ची स्टँडर्ड एरर किती?" म्हणजे हे मोजमाप किती इकडेतिकडे होऊ शकतं? मला `SLOPE` च्या पलीकडे काही ठाऊक नव्हतं. त्यांनी हे टाइप करायला लावलं, B स्तंभात शेअरचे परतावे, C मध्ये इंडेक्सचे:

```
=INDEX(LINEST(B2:B105,C2:C105,TRUE,TRUE),2,1)
```

आलं 0.35. म्हणजे दोन एरर खाली-वर धरल्या तर खरा बीटा उणे 0.18 पासून 1.22 पर्यंत कुठेही असू शकतो, आणि ज्या एकाकडे आपण ओढतोय तो एकही त्याच पट्ट्यात बसतो. आर-स्क्वेअर होता 0.02, म्हणजे शेअरच्या चढउतारांपैकी जेमतेम दोन टक्के बाजारावरून समजत होते.

वासिचेक यांनी 1973 मध्ये सुचवलेली पद्धत इथून सुरू होते. ओढ सगळ्यांना सारखी द्यायची नाही. मोजमाप जितकं डळमळीत, तितकी ओढ जास्त. बाजारातल्या कंपन्यांचे बीटा एकमेकांपासून किती फाकलेले आहेत, तो फैलाव आम्ही 0.35 धरला. रॉ बीटाचं वजन म्हणजे फैलावाचा वर्ग भागिले फैलावाचा वर्ग अधिक स्टँडर्ड एररचा वर्ग. आमच्याकडे दोन्ही सारखेच निघाले, म्हणून वजन नेमकं अर्धं, बीटा 0.76 आणि कॉस्ट ऑफ इक्विटी 11.9 टक्के. तेच एखाद्या मोठ्या, रोज धो-धो व्यवहार होणाऱ्या शेअरची एरर 0.10 असेल, तर रॉ बीटाला 0.92 वजन मिळतं, तो जवळजवळ हलतच नाही. एरर 0.25 च्या आसपास असली की वजन येतं 0.66. म्हणजे दोन तृतीयांशचा ठोकताळा साधारण तेवढ्या एररच्या शेअरला शोभतो, बाकीच्यांना नाही.

मला वाटलं झालं. पण सरांनी परताव्यांचा स्तंभ वरून खाली सरकवला आणि शून्यांवर बोट ठेवत गेले. 104 आठवड्यांपैकी 19 आठवड्यांत भाव अजिबात बदलला नव्हता. शेअरचे व्यवहारच तुरळक. शुक्रवारचा बंद भाव कधीकधी बुधवारच्या शेवटच्या सौद्याचा असायचा. बाजार या आठवड्यात पडला की हा शेअर पुढच्या आठवड्यात पडायचा, आणि आमचं रिग्रेशन त्याला 'बाजाराशी फारसा संबंध नाही' असं समजून बीटा खाली दाखवायचं.

बीटा असा एकाकडे ओढणं हा योगायोगाच्या चुकीवरचा इलाज आहे, शिळ्या भावांमुळे एकाच बाजूला झुकलेल्या चुकीवरचा नाही. आमच्या बाबतीत दोन्ही सुधारणा वरच्याच दिशेने जात होत्या, म्हणून 0.68 पाहून सगळ्यांचं समाधान होत होतं. तुरळक व्यवहाराच्या शेअरचा खरा बीटा 1.4 असेल आणि शिळ्या भावांमुळे तो 1.1 दिसत असेल, तर एकाकडे ओढल्याने तो खऱ्यापासून आणखी लांब जातो.

उपाय सोपा आहे. इंडेक्सच्या चालू आठवड्याच्या परताव्याबरोबर मागच्या आठवड्याचाही परतावा रिग्रेशनमध्ये घालायचा आणि दोन्ही गुणक मिळवायचे; डिमसन यांची 1979 ची पद्धत याच धाटणीची. चालूचा गुणक 0.52 च राहिला, मागच्याचा आला 0.31. बेरीज 0.83. फक्त बेरजेची एररही फुगून 0.49 झाली, त्यामुळे रॉ बीटाचं वजन उरलं एक तृतीयांश. एकाकडे ओढल्यावर बीटा 0.94, कॉस्ट ऑफ इक्विटी 13.1 टक्के.

आता मीच अडलो. दोन तृतीयांश उत्तर जर त्या 'एका'मधूनच येत असेल, तर रिग्रेशनपेक्षा तो एक कुठून आला याला जास्त महत्त्व आहे. सरांना हे आवडलं असावं, कारण त्यांनी चहा मागवला. मग आम्ही त्याच धंद्यातल्या, नियमित व्यवहार होणाऱ्या आठ कंपन्यांचे बीटा घेतले, त्यांच्या कर्जाचा परिणाम काढून टाकला, आमच्या कंपनीच्या कर्जाच्या प्रमाणात परत चढवला. सरासरी आली 0.90. एकाऐवजी ओढायचं लक्ष्य हे.

यातही मी एकदा घसरलोच. त्या आठांपैकी तिघांचे बीटा मी एका डेटा सेवेच्या पडद्यावरून उचलले होते आणि ते आधीच अॅडजस्ट केलेले होते. लक्षात आलं ते स्वतः `SLOPE` लावून पाहिल्यावर: पडद्यावर 1.27, माझ्याकडे 1.40. 1.27 मधून 0.33 वजा करून 0.67 ने भागलं की बरोबर 1.40 येतात. वरची 0.90 ची सरासरी ही चूक दुरुस्त केल्यानंतरची.

शेवटी 0.83 चा एक तृतीयांश आणि 0.90 चे दोन तृतीयांश मिळून 0.88 आणि कॉस्ट ऑफ इक्विटी 12.7 टक्के अहवालात गेली. किंमत 130 कोटी. माझा पहिला 186 कोटींचा आकडा सरांनी परिशिष्टात ठेवायला लावला, शेजारी स्टँडर्ड एरर लिहून.