सांगलीचा भडंग इंग्लंडला मागवायचाय? कारखान्याला आधी हे विचारा

मी मूळचा सांगलीचा, आता लेस्टरला किराणा मालाचं छोटं इम्पोर्ट करतो. गावाकडचा भडंग मागवायचा म्हटल्यावर पहिल्या वेळी मी फोनवर फक्त दोनच गोष्टी विचारल्या होत्या, भाव काय आणि टिकतो किती. उत्तर आलं, चार महिने आरामात. माल आला, दुकानात लावला, आणि मग कळलं की पाकिटावरची तारीख पण चुकीची लिहिलीय आणि घटकांची यादीही इथं चालत नाही. सगळी पाकिटं परत खाली उतरवली आणि गोडाऊनमध्ये बसून एकेकावर स्टिकर लावत बसलो. म्हणून आता ऑर्डरच्या आधी काय आणि कसं विचारतो ते सविस्तर लिहितोय. हे इंग्लंडपुरतं आहे, दुसऱ्या देशाचे नियम वेगळे असतात.

सुरुवात टिकण्यापासून. "किती टिकतो" असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर सांगलीच्या दुकानाच्या हिशोबाने येतं, तिथं माल आठवड्यात संपतो. तुमचा हिशोब वेगळाय. समजा 5 जूनला पॅकिंग झालं आणि चार महिने धरले तर तारीख 5 ऑक्टोबर. माल मुंबईला जाऊन कंटेनर भरेपर्यंत आणि बोट सुटेपर्यंत पंधरा दिवस गेले, म्हणजे 20 जून. बोट आफ्रिकेला वळसा घालून येणार असेल तर समुद्रात चाळीस दिवस धरा, 30 जुलै झाली. कस्टम्स, गोडाऊन, दुकानापर्यंत पोचणं असे आठ दिवस, 7 ऑगस्ट. हातात राहिले 59 दिवस, आणि माझ्याकडचे दुकानदार दोन महिन्यांच्या आतल्या तारखेचा माल शेल्फवर घ्यायला नाही म्हणतात. म्हणजे कागदावर चार महिन्यांचा माल आणि माझ्यासाठी तो विकायच्या आधीच म्हातारा झालेला.

त्यामुळं विचारायचं ते असं: हे चार महिने तुम्ही कशावरून धरले? पाकीट ठेवून बघितलंय का, कुठल्या तापमानाला, कुठल्या पाकिटात? भडंग दोन कारणांनी बिघडतो. हवेतला ओलावा शिरला की चुरमुरे सादळतात, आणि शेंगदाणे आणि तेल हवा लागून खवट होतात. पहिलं दातांना कळतं, दुसरं पाकीट फोडल्या फोडल्या नाकाला. कंटेनर उन्हात तापतो, त्यात तेल खवट व्हायला वेग येतो, त्यामुळं सांगलीत कपाटात ठेवून काढलेला आकडा आपल्या कामाचा नाही. लॅबकडे ओलावा आणि पेरॉक्साइड व्हॅल्यूचा रिपोर्ट मागा, पहिल्या दिवसाचा आणि मुदत संपतानाचा, दोन्ही. पेरॉक्साइड व्हॅल्यू म्हणजे तेल खवट व्हायला लागल्याचा आकडा, पण खूप जुन्या मालात तो परत खाली पण येतो म्हणून सोबत चव घेऊन केलेली नोंदही हवी.

कारखान्यातले काका मला प्रेमाने म्हणाले, "अरे मग सहा महिने छापू की, त्यात काय." तसं अजिबात करू देऊ नका. तारीख छापून माल टिकत नाही. टिकवायचा तर साध्या पारदर्शक पिशवीऐवजी चांदीसारखं आतून चकचकीत असलेलं जाड लॅमिनेट, त्यात नायट्रोजन भरायचा, सीलची पट्टी रुंद ठेवायची आणि माल गाडी निघायच्या आठवड्यातच पॅक करायचा. त्या पाकिटात ठेवून तपासल्यावर सहा महिने निघाले तर सहा लिहा, नाहीतर चारच राहू द्या आणि कमी माल मागवा. पावसाळ्यात पॅकिंग असेल तर पॅकिंगची खोली कोरडी ठेवतात का हेही विचारा.

आता तारीख कशी लिहायची. भारतात पाकिटावर एक्स्पायरी किंवा यूज बाय छापतात. इंग्लंडमध्ये यूज बाय म्हणजे त्यानंतर खाल्लं तर जीवाला धोका, मांस-दुधासारख्या मालासाठी, आणि ती तारीख उलटल्यावर विकणं गुन्हा आहे. भडंगसारख्या कोरड्या मालाला बेस्ट बिफोर लागतो, म्हणजे त्यानंतर चव उतरेल पण खाणं धोक्याचं नाही. आणि "पॅकिंगपासून चार महिने" हे वाक्य इथं चालत नाही, पाकिटावर खरी तारीख छापलेली लागते. महिना आकड्यात न लिहिता अक्षरात लिहा असं मी सांगतो, म्हणजे 06 आणि 08 चा घोळ होत नाही.

घटकांची यादी हा माझ्या मते सगळ्यात मोठा सापळा. इंग्लंडमध्ये 14 ॲलर्जीचे घटक ठरलेत आणि ते यादीतच ठळक अक्षरात उठून दिसले पाहिजेत, आपल्याकडे छापतात तसा खाली वेगळी "यात अमुक आहे" अशी चौकट देऊन भागत नाही. शेंगदाणा तर सगळ्यांना दिसतो. फोडणीत मोहरी असली तर तीही 14 मध्ये आहे. आणि हिंग! बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, म्हणजे गहू, आणि कारखान्यात यादी करताना तो कुणाच्या डोक्यातच येत नाही, चिमूटभर हिंग, त्यात काय गहू. पण गव्हाचा त्रास असणाऱ्या माणसाला चिमूटही पुरते. म्हणून हिंगाच्या डब्याच्या लेबलचा फोटोच मागवा, तयार तिखट-मसाला वापरत असतील तर त्याचाही. त्याच मशिनवर दुसरं फरसाण भरतात का, त्यात तीळ, काजू असतात का, हेही विचारा.

पाकिटावर नुसतं भडंग लिहून चालत नाही, खाली "शेंगदाणे घातलेला तिखट चुरमुऱ्यांचा पदार्थ" अशा अर्थाचं इंग्रजी नाव लागतं. पौष्टिकतेचा तक्ता 100 ग्रॅमला, ऊर्जा किलोज्यूल आणि किलोकॅलरी दोन्हीत, आणि सोडियमऐवजी मीठ. सोडियमला 2.5 ने गुणायचं: लॅबने 760 मिलिग्रॅम दिलं तर 1,900 मिलिग्रॅम, म्हणजे 1.9 ग्रॅम मीठ. इंग्लंडमधल्या इम्पोर्टरचा पत्ता पण हवाच, म्हणजे माझा. अक्षरं बारीक नकोत, इंग्रजी लहान x ची उंची 1.2 मिलिमीटर तरी हवी, अगदी छोट्या पाकिटांना थोडी सूट आहे.

एवढं सगळं फोनवर बोलू नका, लिहून पाठवा. मी काकांना असा मेसेज करतो:

"काका नमस्कार. 200 ग्रॅमच्या पाकिटासाठी एवढं पाठवाल का: (1) संपूर्ण घटक, जास्तीपासून कमीच्या क्रमाने, हिंग आणि मसाल्याच्या डब्यांच्या फोटोसकट. (2) त्याच मशिनवर अजून काय काय होतं. (3) टिकण्याची चाचणी कशी केली त्याचा रिपोर्ट आणि कोणतं पाकीट वापरलं ते. (4) शेंगदाण्याचा अफ्लाटॉक्सिनचा रिपोर्ट, आमच्याच बॅचचा. (5) पौष्टिकतेचा लॅब रिपोर्ट. लेबलचं डिझाइन छापायच्या आधी मला पाठवा, मी हो म्हटल्याशिवाय रोल छापायला देऊ नका."

शेवटची ओळ सोडू नका, कारण छापलेला रोल वाया गेला की पैसे कुणी द्यायचे यावर घरच्यासारखे संबंध पण ताणले जातात. अफ्लाटॉक्सिन म्हणजे शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष, इथली मर्यादा भारतापेक्षा कडक आहे, त्यामुळं "आमचा माल पास आहे" यावर थांबायचं नाही, रिपोर्टवरचा आकडा बघायचा. इथं B1 ला 2 आणि एकूण 4 मायक्रोग्रॅम प्रति किलो.

उत्तर आल्यावर मी दोन पाकिटं कुरिअरने मागवतो, एक फोडून चाखतो आणि दुसरं इथल्या बॉयलरच्या शेजारी ठेवून सहा आठवड्यांनी फोडतो. तिथं खवट वास आला तर पाकीट बदलल्याशिवाय पुढची ऑर्डर देत नाही.